शॉर्ट केलेला रेझिस्टर

तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला सर्किट थिअरी शिकवताना मी दरवर्षी एक गोष्ट सांगते. गोष्ट माझी, पात्रंही मीच रचलेली. त्यातले आकडे मात्र कोणीही टेबलावर मांडून पडताळून पाहावेत असे आहेत.

दिगंबर आणि मनोहर हे होस्टेलवर एकाच खोलीत राहणारे दोन मित्र. परीक्षा तोंडावर आलेली आणि समोर जुन्या प्रश्नपत्रिकेतलं एक गणित. १२ व्होल्टचा सप्लाय, त्याला सिरीजमध्ये १२ ओहमचा एक रेझिस्टर आणि पुढे १०० ओहमचा दुसरा. या १०० ओहमच्या दोन टोकांना एक वायर आडवी जोडलेली. तर १०० ओहममधून करंट किती?

‘‘शून्य,’’ दिगंबर म्हणाला. ‘‘शॉर्ट आहे. करंट सगळा वायरमधून जाणार. रेझिस्टर तिथे असून नसल्यासारखा.’’

‘‘का पण?’’ मनोहरने विचारलं.

‘‘करंट सोपी वाट धरतो. सरांनी सांगितलंय.’’

‘‘अरे, मग १० आणि २० ओहम पॅरललमध्ये असले की २० ओहममधून करंट का जातो? तिथेही १० ची वाट सोपीच आहे की.’’

दिगंबर गप्प झाला. मनोहरचा हा प्रश्न फार चांगला आहे आणि वर्गातली बरीच मुलं इथेच पहिल्यांदा थबकतात. करंट वाट निवडत नाही. पॅरलल जोडलेल्या प्रत्येक वाटेच्या दोन टोकांमध्ये सारखाच व्होल्टेज असतो आणि प्रत्येक वाट त्या व्होल्टेजला आपल्या रेझिस्टन्सने भागून येईल तेवढा करंट घेते. म्हणून ‘करंट कुठून जाईल’ हा प्रश्न बाजूला ठेवून आधी ‘टोकांमध्ये व्होल्टेज किती’ हे विचारावं. दिगंबरने तेच केलं आणि त्याचं उत्तर उलट आणखी पक्कं झालं. ‘‘वायरचा रेझिस्टन्स शून्य, म्हणून तिच्या टोकांमध्ये व्होल्टेज शून्य. तोच १०० ओहमच्या टोकांना. शून्य भागिले शंभर शून्यच.’’

‘‘हे कागदावर,’’ मनोहर म्हणाला. ‘‘खऱ्या वायरला रेझिस्टन्स असतोच.’’

‘‘बोलून काय होणार? लॅबमध्ये लावून बघू,’’ दिगंबर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी लॅबमध्ये जोडणी केली. १२ ओहमचा मोठा वायरवाउंड रेझिस्टर घेतला आणि १०० ओहमचा पांढरा, पाच वॅटचा सिरॅमिक. वायर न लावता सप्लाय चालू केला. सर्किटमध्ये ०.१०७ अँपिअर करंट, १०० ओहमवर १०.७ व्होल्ट, म्हणजे त्यात सुमारे १.१५ वॅट उष्णता. मिनिटा-दोन मिनिटांत सिरॅमिक हाताला चांगलाच गरम लागू लागला. मग दोन्ही टोकांना क्लिपवाली लीड लावून तो शॉर्ट केला. करंट १ अँपिअरपर्यंत चढला, १२ ओहमचा मोठा रेझिस्टर तापू लागला (त्यात आता १२ वॅट जळत होते) आणि सिरॅमिक निवत निवत खोलीइतका थंड झाला.

‘‘हात लाव,’’ दिगंबर म्हणाला. ‘‘थंडगार. करंट असता तर तापला नसता का?’’

हा पुरावा दिसतो तेवढा पक्का नाही. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करंट हजारपट घटला तर उष्णता दहा लाखपट घटते. एवढ्या थोड्या उष्णतेची दखल बोटाला घेता येत नाही, आणि म्हणून ‘थंड आहे’ यावरून ‘करंट फार कमी आहे’ एवढंच म्हणता येतं.

मनोहरने मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर लावून प्रोब थेट सिरॅमिकच्या पायांवर टेकवले. आकडा आला ६२ मिलिव्होल्ट. ‘‘भाग शंभरने. शून्य पूर्णांक बासष्ट मिलिअँपिअर. हा बघ तुझा शून्य.’’

दिगंबरने लीड उचलून पाहिली. स्वस्तातली, आत केसासारख्या तारा, क्लिप नुसती दाबून बसवलेली. ‘‘ही वायर आहे होय? नीट शॉर्ट कर आधी.’’ त्याचा आक्षेप रास्त होता. एक अँपिअरला ६२ मिलिव्होल्ट म्हणजे त्या लीडचा रेझिस्टन्स ६२ मिलिओहम, आणि त्यातला बराचसा क्लिपच्या सांध्यांचा. घरच्या वायरिंगमध्ये वापरतात त्या एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा दहा सेंटिमीटरचा तुकडा त्यांनी कापला, सिरॅमिकच्या पायांना सोल्डर केला आणि सांधे थंड होईपर्यंत थांबले. गरम सांध्यात दोन धातूंमुळे काही मायक्रोव्होल्ट आपसूक तयार होतात आणि इतक्या बारीक मोजमापात ते नको असतात. मग पुन्हा सप्लाय चालू केला. मीटरवर १.७ मिलिव्होल्ट. सप्लाय बंद केला तर शून्य, प्रोब उलटे धरले तर उणे १.७. म्हणजे आकडा मीटरचा नव्हता, वायरचाच होता. हिशेबही जुळतो. तांब्याच्या एवढ्या तुकड्याचा रेझिस्टन्स १.७२ मिलिओहम. शंभर ओहममधून करंट १७ मायक्रोअँपिअर आणि त्यात तयार होणारी उष्णता एका वॅटच्या कोट्यंशाहूनही कमी.

‘‘हा करंट तू मोजलास कुठे? भागाकार केलास,’’ दिगंबर म्हणाला. त्याचं ऐकून मनोहरने सिरॅमिकचा एक पाय सोडवला आणि त्याच वाटेत मीटर २०० मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मध्ये घातला. यायला हवे होते १७. आले दीड. रेंज बदलून २००० केली, तर ८. आता दोघेही गोंधळले.

गोष्टीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच. अशा मल्टिमीटरमध्ये करंट मोजताना आत एक रेझिस्टर वाटेत येतो. २०० मायक्रोअँपिअरच्या रेंजला तो साधारण एक हजार ओहमचा, २००० च्या रेंजला शंभरचा. शंभर ओहमच्या वाटेत हजार ओहम घातले की वाट अकराशेची होते. १.७ मिलिव्होल्ट भागिले अकराशे म्हणजे दीड मायक्रोअँपिअर. शंभर घातले की वाट दोनशेची, म्हणून साडेआठ. मीटर दोन्ही वेळा खरं बोलत होता, पण दोन्ही वेळा तो स्वतः सर्किटचा भाग झालेला होता. रेंज बदलल्यावर उत्तर बदललं तर मीटर सर्किटवर परिणाम करतो आहे हे ओळखावं. व्होल्टेज मोजताना मीटरचा रेझिस्टन्स एक मेगाओहम किंवा त्याहून जास्त असतो आणि शंभर ओहमच्या शेजारी त्याचं ओझं जाणवत नाही. म्हणून इथे दिगंबरला न आवडलेला भागाकारच जास्त भरवशाचा.

शेवटी दोघांनी आपापलं म्हणणं कागदावर लिहून काढलं. दिगंबरने लिहिलं, वायरचा रेझिस्टन्स शून्य धरला तर करंट शून्य. मनोहरने लिहिलं, वायर १.७२ मिलिओहमची असेल तर एक अँपिअरमधले १७ मायक्रोअँपिअर. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली तेव्हा त्यांच्यात भांडण उरलंच नाही. प्रश्नपत्रिकेतली सरळ रेघ ही दिगंबरची वायर आणि प्रश्न तिच्याबद्दलच होता, त्यामुळे गुण त्यालाच मिळतील.

वर्गात इथे कोणीतरी विचारतंच, की खरोखर शून्य रेझिस्टन्सची वायर असते का. असते. १९११ साली नेदरलंड्समधल्या लायडनला कामरलिंग ओन्नेस यांना पारा ४.२ केल्व्हिनच्या आसपास सुपरकंडक्टर होताना दिसला. अशी वायर लावली तर स्थिर करंटला शंभर ओहममधून शून्य, अगदी शून्य. मात्र ‘स्थिर’ हा शब्द सोडायचा नाही. करंट चढत किंवा उतरत असताना वायरच्या इंडक्टन्समुळे तिच्या टोकांमध्ये व्होल्टेज येतो, आणि तेवढ्या काळापुरता रेझिस्टरलाही वाटा मिळतो.

आता हे मायक्रोअँपिअर कोणाला कशाला हवेत? माझे बरेच विद्यार्थी पुढे वीज वितरणात जातात, म्हणून दुसरं गणित मी त्यांच्याच कामातलं घालते. उच्चदाबाच्या लाईनवर काम करण्याआधी ती बंद करतात, टेस्टरने मेली आहे की नाही ते पाहतात आणि मग तिन्ही फेज एकमेकांना शॉर्ट करून अर्थ करतात. चुकून कोणी पलीकडून लाईन चालू केली, किंवा एखाद्या जनरेटरची वीज उलटी आली, तर करंट अर्थच्या केबलमधून जावा आणि लाईनमन वाचावा, यासाठी हे. इथे लाईनमन शंभर ओहमच्या जागी आहे. हिशेबात माणसाच्या शरीराला हजार ओहम धरतात.

समजा केबल ५० चौरस मिलिमीटर तांब्याची आणि ५ मीटर लांब आहे. तिचा रेझिस्टन्स पुन्हा तेवढाच, १.७२ मिलिओहम, कारण लांबी आणि छेदाचं क्षेत्रफळ दोन्ही पन्नासपट झालं. पण इथे करंट एक अँपिअर नसतो. फॉल्टचा करंट ५००० अँपिअर धरला तर केबलच्या टोकांमध्ये ८.६ व्होल्ट आणि माणसातून साडेआठ मिलिअँपिअर. एसीमध्ये इंडक्टन्सची भर पडून हा आकडा आणखी वाढतो. हे दचकवणारं आहे, पण ब्रेकर पडेपर्यंत निभावतं.

आता क्लँप गंजलेल्या किंवा रंग दिलेल्या लोखंडावर बसवलेला आहे असं धरू. सांध्याचे २० मिलिओहम आले. त्या स्वस्त लीडच्या एक-तृतीयांशही नाहीत. पाच हजार अँपिअरला शंभर व्होल्ट, म्हणजे माणसातून १०० मिलिअँपिअर. एवढा करंट सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडवायला पुरेसा ठरू शकतो. अर्थिंग केलेलं आहे, लाईन ‘शॉर्ट’ आहे, तरीही.

आणि केबल दोन खांब पलीकडे लावली तर हिशेबच वेगळा होतो. तेव्हा लाईनमनच्या पॅरललमध्ये नुसती पाच मीटर केबल राहत नाही, मधली सगळी तार आणि तिथल्या अर्थच्या सळईपासून त्याच्या पायांखालच्या जमिनीपर्यंतची मातीही येते. सळईचा मातीशी रेझिस्टन्स मिलिओहममध्ये नसतो, काही ओहम असतो, कोरड्या मुरमाड जमिनीत दहापट जास्तही. तिथे काहीशे अँपिअरच गेले तरी व्होल्टेज हजारांत पोचतो. म्हणून अर्थ कामाच्या जागीच, हाताच्या अंतरावर लावतात, आणि माणूस ज्याला हात लावणार आणि ज्यावर पाय ठेवणार ते सगळं एकमेकांना केबलने जोडून घेतात. क्लँप बसवण्याआधी तार आणि लोखंड वायर-ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायचं, मग क्लँपचा बोल्ट इन्सुलेटेड काठीने पिळून घट्ट करायचा. आधी अर्थचं टोक जोडायचं, मग फेजचं, आणि काढताना आधी फेज सोडवायचा, अर्थ शेवटी.