पेटी विकायची आहे

भोपाळमध्ये ‘पेटी विकायची आहे’ एवढंच लिहिलं तर निम्म्या लोकांना लोखंडी ट्रंक आठवते. आपल्या मराठी घरांत पेटी म्हणजे हार्मोनियम, पण कॉलनीच्या ग्रुपवर तसं नसतं. मावशी मुलाकडे पुण्याला राहायला जाणार होती आणि तिची पेटी विकायची होती. मावसभावाने ग्रुपवर टाकलं, ‘पेटी विकणे आहे. उत्तम स्थितीत. किंमत चर्चेने.’ दोन दिवसांत पंचवीस-तीस निरोप आले. एकाने ‘ताला-चाबी है क्या?’ असं विचारलं, बाकीच्यांनी ‘लास्ट प्राइस?’ बघायला मात्र कोणीच आलं नाही.

मग मावशीने ते काम माझ्याकडे दिलं. तिची अट एकच होती. ‘ज्याला वाजवायची आहे त्यालाच दे, आणि काही लपवू नकोस. नंतर कोणी नाव ठेवायला नको.’

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘ॲप चालत नाही’ अशी तक्रार आली तर तिचा काही उपयोग होत नाही. कुठलं बटण दाबल्यावर, काय झालं, हे लागतं. ‘उत्तम स्थितीत’ हे शब्दही तसेच पोकळ. म्हणून लिहिण्याआधी रविवारी सकाळी मी आणि मावशी पेटी तपासायला बसलो. मी गाणाऱ्यातला नाही, पण मावशीने शिकवलेल्या या तपासण्या कोणालाही जमतील.

पहिली भात्याची. सगळे स्टॉप आत ढकलून बंद करायचे, भाता मारून हवा भरायची आणि एकही पट्टी न दाबता थांबायचं. हवा लगेच ओसरली तर भाता किंवा त्याचं चामडं गळतंय. मावशीच्या पेटीत हवा छान टिकली. मग स्टॉप उघडून तेच केलं. आता हवा स्वरांच्या कप्प्यात जाते, पण पट्टी दाबल्याशिवाय आवाज यायला नको. आपोआप बारीक सूर येत राहिला तर एखादी पट्टी नीट बसत नाहीये. इथे एक काळी पट्टी सापडली. दाबली की वर यायला वेळ लावत होती. मावशी म्हणाली, ‘पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा ती अडते. उन्हाळ्यात नीट असते.’

दुसरी तपासणी स्वरांची. पेटी साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची, आणि प्रत्येक पट्टीला दोन स्वर, एक खर्जाचा आणि एक नर. दोन्ही एकत्र वाजवले की एखादा मुका स्वर दुसऱ्याच्या आवाजात लपून जातो. म्हणून एका ओळीचा स्टॉप बंद ठेवून सगळ्या ४२ पट्ट्या एकेक करून दाबल्या, मग दुसऱ्या ओळीच्या. वरच्या सप्तकातला एक नर स्वर बोललाच नाही. बहुतेक वेळा धुळीचा कण अडकलेला असतो आणि तो निघतो. पितळी पातीलाच चीर गेली असेल तर मात्र ती बदलावी लागते. बाहेरून ते सांगता येत नाही, म्हणून आम्ही अंदाज न लिहिता फक्त ‘बोलत नाही’ असं लिहायचं ठरवलं.

तिसरी सुराची. तोच स्वर दोन सप्तकांत एकत्र दाबला की आवाज सरळ यायला हवा. तो लाटांसारखा हलायला लागला तर सूर उतरला आहे. आमच्याकडे वरच्या तीन-चार स्वरांत लाटा होत्या. सूर लावताना कारागीर पाती किंचित खरवडतो. टोकाशी खरवडली तर सूर चढतो, मुळाशी खरवडली तर उतरतो. म्हणजे दर वेळी धातू थोडा कमी होतो. त्यामुळे विकण्याआधी आपणच घाईने सूर लावून घेण्यापेक्षा घेणाऱ्याने आपल्या कारागिराकडून लावून घेतलेला बरा, असं मावशीचं मत पडलं.

किमतीचा हिशेब सोपा ठेवला. तशीच नवी पेटी दुकानात २२,००० रुपयांना सांगितली. बारा वर्षं वापरलेली म्हणून निम्मे, ११,०००. सूर लावणं, तो मुका स्वर आणि अडकणारी पट्टी या कामाला कारागिराने २,००० सांगितले, ते वजा. राहिले ९,०००. मावसभाव म्हणाला, ‘१२,००० लिही, लोक घासाघीस करतातच.’ पण मग प्रत्येक निरोपात तीच घासाघीस होते. हिशेब दाखवता येत असला की ‘एकच भाव’ म्हणायला संकोच वाटत नाही.

शेवटी हे लिहिलं, आणि खाली हेच हिंदीत:

> हार्मोनियम (पेटी) विकायची आहे. ४२ पट्ट्या, दोन स्वर (खर्ज-नर), १२ वर्षं घरात वापरलेली.
> चांगलं: भाता गळत नाही, लाकूड शाबूत.
> दोष: वरच्या सप्तकात एक नर स्वर बोलत नाही, एक काळी पट्टी पावसाळ्यात अडकते, वरचे तीन-चार स्वर लावून घ्यावे लागतील. दुरुस्तीचा अंदाज २,००० रु.
> किंमत ९,००० रु., एकच भाव.
> शाहपुरा, भोपाळ. शनि-रवि सकाळी १० ते १. येऊन, वाजवून बघा, पैसे त्यानंतर. नेताना पेटी आडवी राहील असं वाहन आणा. घरपोच सोय नाही.

सोबत तीन फोटो: पूर्ण पेटी, उघडलेला भाता आणि ती काळी पट्टी. घराचा नंबर लिहिला नाही. येणार हे नक्की झालेल्यालाच तो कळवायचा. घर रिकामं होणार आहे हेही लिहायचं नाही, कारण ग्रुपमधले सगळेच ओळखीचे नसतात. वाहनाची ओळ मावशीची. स्कूटरच्या पायाशी उभी ठेवून नेली तर धक्क्यांनी पट्ट्या आणि स्वर हलतात.

या वेळी निरोप आले फक्त सहा. त्यांतला एक असा: ‘मी फौजेत आहे, बदली झाली आहे, न बघताच घेतो. क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ हा जुना सापळा आहे. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. तो कोड स्कॅन करून पिन टाकला असता तर पैसे मावशीच्या खात्यातून गेले असते. मी उत्तर न देता नंबर ब्लॉक केला. कोणाचे पैसे असे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवायचं, जितकं लवकर तितकं ते थांबवणं शक्य असतं. घरातल्या आजी-आजोबांना हे एकदा फोन हातात घेऊन दाखवा.

शनिवारी कोलार रोडवरून एक कुटुंब आलं. मुलगी गाणं शिकणारी, सोबत तिची आजी. आजींनी बसल्या बसल्या सगळ्यात आधी ती अडकणारी काळी पट्टीच दाबली. मग दोन्ही ओळी वेगवेगळ्या वाजवून मुका स्वर शोधला. ‘लिहिलंय तेवढंच आहे,’ त्या म्हणाल्या आणि भावाचा विषयच निघाला नाही. मावशीने मुलीला भाता कसा हळू मारायचा ते दाखवलं आणि पावसाळ्यात पेटीवर ओलसर कापड टाकायचं नाही, असं बजावलं. पैसे मावशीच्या फोनवर आलेले दिसल्यावर पेटी त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली, बाजूंनी उशा लावून.

गाडी गेल्यावर मी त्या पोस्टवर ‘विकली गेली’ असं लिहिलं आणि फोटो काढून टाकले. तरीही पुढचा आठवडाभर एक गृहस्थ विचारत होते, ‘लास्ट प्राइस?’