वरचा अंक, खालचा अंक

आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर चुकामूक झालेली म्हातारी माणसं हरवले-सापडले कक्षात आणली जातात. त्यांच्या बटव्यातून, कनवटीतून, पदराच्या गाठीतून चिठ्ठी निघाली की ती आधी काकूंच्या हातात द्यायची, अशी इथल्या स्वयंसेवकांची रीत. काकू टेलिफोन खात्यातल्या निवृत्त ऑपरेटर. नोकरीभर नंबर ऐकले, आता वाचतात. यंदा मात्र नोंदवही कॉलेजातल्या एका मुलीकडे गेली आहे, कारण काकूंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालाय आणि दुसऱ्याचा काढायचाय. पहिल्याच संध्याकाळी दोघींचं वाजलं, ते एकावरून आणि सातावरून.

चार आणि नऊ, शून्य आणि सहा यांच्याही भानगडी असतात, पण त्या काकूंच्या मते किरकोळ. एक आणि सात यांच्यात फरक आहे तो डोक्यावरच्या एका आडव्या रेघेचा, आणि चिठ्ठीवर नेमकी तीच रेघ दगा देते. सात लिहिताना ती पहिल्यांदा येते. पेन नुकतंच टेकलेलं असतं, बॉलपेनची शाई अजून उतरलेली नसते, कागद म्हणजे उदबत्तीच्या पुड्याचा गुळगुळीत पुठ्ठा. रेघ कोरडीच जाते आणि पाय तेवढा उमटतो. झाला साताचा एक. उलट, शून्यानंतर एक असेल तर शून्याचं वर्तुळ डोक्यावर मिटतं आणि न उचललेलं पेन तिथूनच पुढच्या अंकाच्या माथ्यावर घसटत जातं. झाला एकाचा सात. मराठी आकड्यांत ही भानगड नाही, तिथे एक आणि नऊ एकमेकांची जागा घेतात. पण मोबाइल नंबर खेड्यातला माणूसही इंग्रजी आकड्यांतच लिहितो.

चूक पकडायची सोयही नंबरात नाही. आधार क्रमांकाचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकीचा लिहिला गेला तर हिशेब जुळत नाही. मोबाइलच्या दहा अंकांत असा पहारेकरी कोणी नाही. चुकीचा नंबरही तितकाच खरा दिसतो आणि बहुतेक वेळा कोणाचा तरी असतो. रात्री दोन वाजता भलत्याच माणसाला “तुमच्या आई आमच्याकडे आहेत” असं सांगितलं आणि त्याचीही आई वारीत असली, तर पुढचा गोंधळ निस्तरता निस्तरत नाही. म्हणून काकू फोनवर आधी काही सांगत नाहीत. गाव विचारतात, मग घरातून वारीला कोण आलंय ते विचारतात.

त्या संध्याकाळची चिठ्ठी अशीच उदबत्तीच्या पुड्याची होती. आजी सातारा जिल्ह्यातल्या. अक्षर मुलाचं, आजींना वाचता येत नव्हतं. “पोरानं लिवलंय, मला काय ठावं,” एवढंच त्या सांगत होत्या. चिठ्ठीवर नाव, गाव, पिनकोड आणि नंबर. अंक मोजले, दहा भरले. सुरुवात नवाने. इथे काकूंचा पहिला आधार गेला. मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊ यांपैकीच एकाने सुरू होतो. पहिल्या जागी नुसती काठी दिसली तर ती सातच, आणि लिहिणाऱ्याचा सात कसा असतो याचा नमुना फुकटात हाती येतो. तो इथे नव्हता. पण पिनकोड होता. साताऱ्याकडचे पिनकोड ४१ ने सुरू होतात, म्हणजे दुसरा अंक एकच असणार. त्या पोराचा एक सरळ होता, वर आकडी नाही, खाली बूड नाही.

संशयाच्या जागा दोन होत्या, पाचवी आणि नववी. नववी जागा घडीवर आली होती आणि तिथे नुसती काठी दिसत होती. पिनकोडातल्या एकाशी ती जुळली म्हणून मुलगी “एक” लिहायला निघाली. काकूंनी बॅटरी मागितली, चिठ्ठी आडवी धरली आणि उजेड बाजूने, कागदाला जवळजवळ घासून टाकला. शाई गेली तरी पेनचा दाब राहतो. काठीच्या माथ्यावर डावीकडे जाणारी बारीक खोबण होती. सात.

फोटो काढून मोठा करून बघणाऱ्यांवर काकूंचा राग आहे तो यासाठीच. मोबाइलचा फ्लॅश समोरून पडतो, सावली मारतो आणि खोबण पुसून टाकतो. शेजारच्या एका मंडळाचे कार्यकर्ते चिठ्ठ्यांचे फोटो ग्रुपवर टाकतात आणि पाच जण मिळून नंबर ‘ठरवतात’. काकूंच्या भाषेत, मतदान घेतात.

पाचव्या जागेने मात्र दाद दिली नाही. ती शून्यानंतरची होती. माथ्यावर रेघ होती, खोबणही होती, पण ती शून्यातून निघाली होती की स्वतंत्र, ते कळेना. स्वतंत्र रेघ डावीकडे सुरू होते तिथे पेन टेकल्याचा ठिपका असतो. तो ठिपका शून्याच्या बाजूवरच पडला असावा, किंवा नसावाच.

“सात घाल,” काकू म्हणाल्या.

“काकू, तुम्हाला नक्की दिसतंय?”

पूर्वी असं कोणी विचारलं नव्हतं. काकूंनी चष्मा काढून पुसला. मग मुलीने पाचव्या जागी अपूर्णांकासारखं लिहिलं, वर सात, खाली एक, मध्ये रेघ. आणि समासात कोणता वाचून किती वाजता फोन लावला त्याची नोंद. सातचा फोन बंद लागला. बंद फोनवरून वाचन बरोबर ठरत नाही आणि चूकही ठरत नाही, म्हणून सातावर काट मारली नाही. त्या नोंदीत नुसता सात असता तर रात्रपाळीने तोच बंद फोन पहाटेपर्यंत लावला असता. त्यांनी खालचा अंक घेतला. आजींच्या मुलाने दुसऱ्या रिंगला उचलला.

संशय उघडा लिहिणं हे काही या तंबूत सुचलेलं शहाणपण नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिच्या संपादकांनी शेकडो पोथ्या ताडून पाठ निवडला, तरी जिथे खात्री कमी तिथे श्लोकातल्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापली. ग्रीक-लॅटिन शिलालेख आणि पपायरस वाचणारे अभ्यासक अर्धवट दिसणाऱ्या अक्षराखाली टिंब देतात; त्यांचे संकेत १९३१ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला ठरले. त्यांच्या वाचनाची घाई नसते, हा फरक आहेच. शिलालेखाला पहाटे कोणी फोन लावत नाही.

काकूंना यातलं पटत नाही असं नाही. ऑपरेटर असताना त्या स्वतः “पुन्हा सांगा” म्हणायला लाजत नसत. पण कानाचा संशय हवेत विरायचा. कागदावरचा सही करून वहीत राहतो, आणि दुसऱ्या पाळीतल्या पोरांना तो दिसतो. “काकूंना वाचता आलं नाही,” हे कोणी म्हणू नये असं त्यांना वाटतं, आणि हे त्या चहा पिताना हसत हसत सांगूनही टाकतात. कोणाचंही अक्षर लागतं, या नावावर त्यांनी बरीच वर्षं मान मिळवलाय.

साताच्या पोटातून आडवी रेघ मारायची युरोपातली पद्धत त्यांनी निघण्याआधी चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना शिकवून पाहिली. एका बाप्याने आपल्या चिठ्ठीतला तो सात पाहून “हा आकडा खोडलाय होय?” म्हणून तो गाळून नंबर सांगितला. तेव्हापासून त्या एवढंच सांगतात, की खाली नंबर अक्षरांत लिहा. लिहीत कोणी नाही. जागा कुठे असते?

आता दोघींचा वाद वेगळ्याच मुद्द्यावर आलाय. मुलीचं म्हणणं, अपूर्णांक वाचणारा वरचाच अंक खरा धरतो, म्हणून दोन्ही अंक शेजारी शेजारी, सारख्या उंचीचे लिहावेत आणि कल कोणाकडे ते सांगूच नये. काकूंना ते मान्य नाही. संशय लिहा, पण वाचणाऱ्याचं मतही लिहा. नाहीतर डोळे कशाला लावायचे? वहीत सध्या अपूर्णांकच चालू आहे. वर कोणता अंक घालायचा हे काकू सांगतात. मुलगी समासात त्यांचं आद्याक्षर घालते.