कुठं व्हतास?

संगमनेर, रात्र.

आज कादंबरीतल्या बाजार समितीच्या प्रसंगावर बसलो. कांद्याचा भाव पडलाय, लेक उशिरा येतो. पहिला खर्डा असा: "आरं, कुढं व्हतास रं तू? लई येळ वाट पाह्यली म्या," बाप चिडून ओरडला. वाचणारा उच्चारांतच अडकेल. आता उरलं एवढंच: "कुठं व्हतास? लिलाव झाला." बाप रिकामी गोणी झटकतो, 'चिडून ओरडला' लागतच नाही. दोघंच बोलत असताना 'म्हणाला'ही क्वचितच, तिसरा आला की मात्र हवं. 'लई' बापाच्या तोंडी. कॉलेजातला लेक 'खूप' म्हणतो.

रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'त (१९७१) निवेदनच बोलीत आहे, त्यामुळे कान लवकर सरावतो. माझं निवेदन प्रमाण मराठीत. त्यात बोलीचा एकेक शब्द उठून दिसतो, म्हणून थोडी बोलीही पुरते.