बाण रेघेच्या आत की बाहेर?

आकृतीखाली एक ओळीचं शीर्षक टाकलं की आकृती समजावून झाली, असं मानणाऱ्यांत कालपर्यंत आम्हीही होतो. ते चूक आहे, हे आमच्याच हातून घडलेल्या चुकीने आम्हाला शिकवलं.

आमच्या अभ्यासवर्गातला एक अंध मित्र समाजशास्त्रात नेटची तयारी करतो. त्याला एका निवृत्त प्राध्यापकांच्या जुन्या स्लाइड्स मिळाल्या. त्या हाताने काढलेल्या आणि नंतर स्कॅन केलेल्या. स्क्रीन रीडर अशा पानावर गप्प बसतो, कारण त्याच्या लेखी ते पान म्हणजे फक्त फोटो. अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पान काढलं, तर हाती आलं ते एवढंच: ‘जादा स्त्री’, ‘जादा पुरुष’, ‘सती’, ‘खालच्या’. शब्द आले, पण त्यांना जोडणाऱ्या रेघा गेल्या. आणि आकृतीचा अर्थ तर रेघांतच असतो.

ही आकृती होती बाबासाहेबांच्या १९१६च्या कोलंबिया विद्यापीठातल्या जातीविषयक निबंधाची. त्यातला युक्तिवाद असा: जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्याने. त्यासाठी गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष साधारण सारखे हवेत. नवरा आधी मेला की एक स्त्री जादा होते, बायको आधी मेली की एक पुरुष जादा होतो. हा जादा माणूस गटाबाहेर लग्न करील, किंवा गटातल्याच दुसऱ्या कुणाचा जोडीदार अडवील. म्हणून त्याची विल्हेवाट लावावी लागते.

आम्ही पहिल्यांदा लिहिलं: ‘जातिअंतर्गत विवाहाची आकृती.’ मित्र म्हणाला, हे तर पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतही असतं. मग आम्ही लिहिलं: ‘एक मोठं वर्तुळ, आत दोन ठिपके, चार बाण.’ हे खरं होतं, पण यातून बाणांचा अर्थ कळत नव्हता. एकच बाण कधी ‘यामुळे ते घडतं’ म्हणतो, कधी ‘यानंतर ते येतं’, कधी ‘हा तिकडे जातो’. लिहिणाऱ्याने त्यांतला एक अर्थ निवडून क्रियापद द्यावंच लागतं.

तिसऱ्या वेळी आम्ही प्रत्येक बाणाचं एक वाक्य केलं. जादा स्त्रीपासून दोन बाण: तिला नवऱ्याच्या चितेवर जाळतात, किंवा जन्मभर विधवा ठेवतात. जादा पुरुषापासून दोन: त्याला ब्रह्मचारी ठेवतात, किंवा ‘खालच्या’ रांगेतली मुलगी देतात. त्या शेवटच्या शब्दांत आम्ही घसरलो. हस्ताक्षर पुसट होतं आणि आमच्या डोक्यात जातीची उतरंड होती. आम्ही लिहिलं: ‘तो खालच्या जातीतली मुलगी करतो.’

मित्राने आपल्या सवयीप्रमाणे ताटात बांगडी ठेवली, आत डाळीचे दाणे मांडले आणि आमची वाक्यं वाचून घेत दाणे सरकवू लागला. चौथ्या वाक्याला तो थांबला. म्हणाला, “दादा, हा दाणा बांगडीबाहेर जातोय. मग बांगडी ठेवलीच कशाला?”

आम्ही पुन्हा स्लाइड पाहिली. बाण वर्तुळाच्या रेघेला कुठेच छेदत नव्हता; तो सुरू आत होत होता आणि संपतही आतच होता. मूळ निबंध काढून ताडलं. ‘खालची’ म्हणजे वयाने खालची: लग्नाच्या वयात अजून न आलेली, पण त्याच जातीतली मुलगी. आमच्या एका शब्दाने बालविवाहाचं कारणच गायब केलं होतं आणि जातीची बंद भिंत उघडी दाखवली होती. परीक्षेत मित्राने तेच लिहिलं असतं, तर चूक त्याच्या नावावर लागली असती.

तेव्हापासून आम्ही क्रम ठरवला आहे. आधी हद्द सांगायची: काय बंद आहे, काय उघडं. मग आत कोण कोण आहे. मग एका बाणाला एक वाक्य, आणि तो हद्द ओलांडतो की नाही हे त्यातच. पुसट शब्द असेल तर ‘असं वाचता येतं’ म्हणायचं आणि आपला अंदाज वेगळ्या ओळीत ठेवायचा. शेवटी, स्लाइड न पाहिलेल्या माणसाला ते वर्णन देऊन मांडायला लावायचं. मांडणी मूळ चित्राशी जुळली नाही, तर दोष आपल्या वाक्याचा.

यालाही मर्यादा आहे. प्राध्यापकांनी वर्गात तोंडी काय जोडलं होतं, ते स्लाइडवर नाही, आणि आम्ही ते रचू नये. अशा वेळी मूळ निबंधाकडेच जावं लागतं.

डोळस माणूस आकृतीकडे पाहून ‘कळलं’ म्हणतो आणि पुढे जातो. आम्हीही तेच करत होतो. तो निबंध आम्ही एमएला शिकलो होतो, त्यावर भाषणंही दिली होती. तरी दाणा बांगडीबाहेर गेला, तो आमच्याच हातून.

जयभीम.