फिल्मवरचं पांढरं

इंदापुरात जिन्यावरून पडलेल्या मुलाला तीनदा उलटी झाली, म्हणून रात्री अकराला बारामती गाठली. डोक्याचा सीटी स्कॅन लगेच झाला. रिपोर्ट मात्र सकाळी मिळणार होता.

ताजं रक्त स्कॅनमध्ये पांढरं दिसतं, एवढंच मी वाचलेलं. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. प्रत्येक चित्रात पांढरं कडं! हात थरथरले.

सिस्टर म्हणाल्या, "सर, हाडही पांढरंच दिसतं. ती कवटी आहे. फिल्म ठेवा, पोराकडं बघा."

दर तासाला त्या त्याला उठवून नाव विचारत, टॉर्चनं डोळ्यांच्या बाहुल्या बघत. पहाटे त्यानं नाव नीट सांगितलं आणि पुटपुटला, "अब्बा, अब सोने दो ना!"

फजरच्या आधी मला मिळालेला तो पहिला रिपोर्ट. छापील नऊला आला: रक्तस्राव नाही.