हिशोबात न बसणारे अँपिअर

हल्ली क्लॅम्प मीटरवरचा दशांशाचा ठिपका मला दिसत नाही. जबडा मी वायरीला लावतो, आकडा हाताखालचा पोरगा वाचतो. पण त्याने वाचायच्या आधी मी एमसीबींवरून बोट फिरवून जास्त तापलेली कुठली ते सांगून टाकतो. बरोबर निघालं की दिवसभर फुगून फिरतो. या वयात हे शोभत नाही, ठाऊक आहे.

मला खरा छळतो तो बेरजेचा हिशोब. सगळ्या सर्किटांचे अँपिअर मिळवले की मेनवरचा आकडा त्याहून थोडा कमीच भरतो. मोटार आणि फ्रिजचा करंट व्होल्टेजच्या मागून येतो, दिव्यांचा किंवा गिझरचा जवळपास सोबत. सगळ्यांचे माथे एका वेळी येत नसल्याने सरळ बेरीज जुळत नाही. इतपत फरक चालतो. मेन बेरजेपेक्षा जास्त दाखवू लागली की मात्र मी स्टूल ओढून बसतो.

मे महिन्यात साखर पेठेतल्या एका जुन्या घरी गेलो होतो. बिल फुगलेलं, मालकांचा संशय एसीवर. आजकालचे काही वायरमन बोर्डासमोर एक चक्कर मारतात आणि ‘एसीच आहे’ म्हणून मोकळे होतात. आम्ही एसी बंद ठेवला. कूलर ०.९, फ्रिज १.१, पंखे-दिवे १.६. एकूण ३.६. मीटरकडून येणाऱ्या फेजवर ८.४!

मध्येच फ्रिज सुरू झाला असेल म्हणून पुन्हा मोजलं. तेच. मग सगळ्या एमसीबी पाडल्या. घर चिडीचूप, तरी पोरगा म्हणाला, “काका, चार पॉइंट नऊ.”

वायर हाताने चाचपत मागे गेलो. मेन स्विचच्या आधी, लाकडी फळीवरच्या किटकॅट फ्यूजमधून एक लाइन भिंतीत शिरली होती. कधीकाळी पुढच्या खोलीत माग होते, त्यांची ती लाइन. माग विकले गेले, लाइन राहिली, आणि पुढे कुणीतरी तिच्यावर बोअरची एक एचपीची मोटार जोडली. डीबीत तिचा पत्ताच नाही.

“पाचच्या आतच आहे की, मग ठीक आहे,” मालक म्हणाले. ठीक नव्हतं. पाणी ओढताना ही मोटार सातच्या आसपास घेते. आकडा खाली आला म्हणजे तिच्यावर भारच नाही. उन्हाळ्यात बोअर आटलेला, टाकी भरेना म्हणून फ्लोट स्विच मोटार बंद करेना, आणि ती तासन् तास कोरडीच फिरत होती. चालू असताना एसी तिच्याहून जास्त अँपिअर ओढतो, पण रात्रीचे चार तास. शिवाय पाण्यावाचून मोटारीचे बुश आणि सील जळतात ते निराळं.

ड्राय-रन कटऑफ बसवायला सांगितला, लाइनही एमसीबीवर घेतली. मालकांनी पैसे दिले आणि जाता जाता विचारलं, “एसीचं काय करू मग?”

पोरगा हसला. मोटारीची लाइन माझ्या बोटाला सापडली नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.