अठ्ठावीस हजारांची वाटणी

प्रिय मिनू,

तू पाठवलेला हिशेबाचा कागद मी दोनदा वाचला. वरती ‘पगार ३०,०००’ लिहून त्याचे पन्नास, तीस आणि वीस टक्के काढलेस, ते चुकलंय. वाटणी हातात येणाऱ्या रकमेची करायची. तुझा मूळ पगार १५,०००. त्यावर बारा टक्क्यांनी १,८०० पीएफला जातात आणि २०० व्यवसाय कराला. म्हणजे खात्यात २८,००० येतात. (फेब्रुवारीत हा कर ३०० कापतात, तेव्हा शंभर कमी दिसले तर अकाउंट्सवाल्यांशी भांडू नकोस.) यातले १४,००० गरजेचे, ८,४०० हौसेचे, ५,६०० शिल्लक टाकायचे.

हे पन्नास-तीस-वीसचं माप रुळवलं अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची मुलगी अमेलिया यांनी, २००५ सालच्या ‘ऑल युअर वर्थ’ या पुस्तकातून. वॉरेनबाई तेव्हा हार्वर्डला कायदा शिकवायच्या आणि कर्जापायी दिवाळखोरीत गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास करायच्या. म्हणून त्यांचा सगळा भर पन्नासच्या रेघेवर आहे. टाळताच येत नाही असा खर्च निम्म्यात बसला, तर आजारपण आलं किंवा नोकरी गेली तरी माणसाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. वीस टक्के बाजूला टाकूनही गरजा पासष्टवर गेल्या असतील, तर ती बचत एका धक्क्यात मोडते.

आता तुझी गरजेची यादी. जठारपेठेतल्या खोलीचं तुझ्या वाट्याचं भाडं ४,५००, डब्याचे ३,२००, विजेचे ५००, ऑफिसच्या ऑटोचे १,२००, रिचार्ज ३००, आणि ताईला पाठवतेस ते ३,०००. झाले १२,७००. ताईचे पैसे तू ‘शिल्लक’मध्ये धरले होतेस, मी ते वर आणले. अमेरिकेतल्या पुस्तकात आईला पैसे पाठवण्याचा रकाना नाही, आपल्याकडे तो आहे. ताईच्या गोळ्या त्यातून येतात, मग ती गरजच. ती त्यातले थोडे मागे टाकत असेलही, पण ती तिची बचत, तुझी नव्हे.

मोबाइलचा १,९०० चा हप्ता मात्र मी गरजेतून खाली, हौसेत ढकलला. वॉरेनबाईंच्या हिशेबात बांधलेला हप्ता गरजेतच जाईल, कारण तो चुकवता येत नाही. मला ते पटत नाही. फोन हौसेनं घेतला, जुना चालत होता. तेव्हा फिटेपर्यंत हौसेच्या पैशातूनच जाऊ दे. नाही तर उद्या प्रत्येक हौस हप्त्यावर घेतली की गरज होऊन बसेल. दर शनिवारी अमरावतीला येण्याचा खर्चही तिथंच. रेल्वेचं तिकीट फार नसतं. बडनेऱ्याहून गावात यायचा ऑटो, मग मैत्रिणींसोबत गिला वडा, मग राजकमलला खरेदी, ते सगळं मिळून बरंच होतं. घरी येणं हौस कसं, म्हणून रागावशील. ये की बाप्पा, ८,४०० मधून ये.

गरजेच्या वाट्यात आता १,३०० उरले. तुझ्या कागदावर उरलेले तू हॉटेलिंगला दिले होतेस. पण हे मोकळे नाहीत. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसला टेकतो. कूलर रात्रंदिवस चालला की तुझ्या वाट्याचं वीजबिल महिन्याला सहाशेनं तरी वाढेल. चार महिन्यांचे ते २,४००. आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता ७,२०० धर, दवाखाना-औषधांना ६,०००. बेरीज १५,६००, म्हणजेच महिन्याला १,३००. वर्षातून एकदा येणारा खर्च महिन्याच्या कागदावर दिसतच नाही, आणि बहुतेकांची वाटणी तिथंच फसते. जानेवारीत ‘जमतंय’ वाटतं, मे-जूनमध्ये आरडी मोडावी लागते. हे १,३०० वेगळ्या खात्यात पडू देत आणि हिवाळ्यात साचलेले बघून त्यांना हात लावू नकोस.

राहिली स्कूटी. दुकानदारानं ऑन-रोड ९५,००० सांगितले. १५,००० आधी भरा, ८०,००० चं तीन वर्षांचं कर्ज, ‘फक्त दहा टक्के फ्लॅट’. माझी सगळी नोकरी बँकेत झाली म्हणून सांगते, त्या फ्लॅट शब्दापाशी थांब. वर्षाचे ८,००० याप्रमाणे व्याज २४,०००, हप्ता २,८८९. दीड वर्षानंतर तू निम्मं मुद्दल फेडलेलं असशील, तरी व्याज पूर्ण ८०,००० वरच लागत राहतं. शिल्लक मुद्दलावर मोजलं तर हा दर जवळपास अठरा टक्के पडतो. स्कूटी तुला १,१९,००० ला पडेल. शिवाय तो हप्ता गरजेत आला की ऑटोचे १,२०० वाचूनही, पेट्रोल न धरता, वार्षिक १,३०० सकट तुझ्या गरजा पंधरा हजारांच्या वर जातात.

त्यापेक्षा ५,६०० ची आरडी कर. व्याज सहा टक्के धरलं, तर सोळा हप्त्यांनी साधारण ९३,४०० होतात, थोडे कमी पडतात. सतरा हप्त्यांनी ९९,५०० च्या आसपास. तोवर किंमत वाढेल, हेल्मेट लागेल, ते त्या वरच्या साडेचार हजारांत बघू. मुदत संपायच्या महिनाभर आधी ऑन-रोड किंमत नव्यानं विचार.

वीसचे वीस टक्के स्कूटीत घातले तर म्हातारपणाचं काय, असं तू विचारलंस. त्यासाठी पीएफ आहे. तुझे १,८०० जातात, कंपनीही तेवढेच भरते. त्यातला मोठा भाग पेन्शन योजनेत जातो, उरलेला तुझ्या पीएफमध्ये. हे २८,००० च्या बाहेरचं आहे म्हणून वाटणीत धरलं नाही. नोकरी बदललीस तर तो पैसा काढून खाऊ नकोस, नव्या खात्यात वळवून घे. स्कूटी झाली की पुढचे आठ हप्ते अडीअडचणीसाठी: गरजेचे तीन महिन्यांचे ४२,००० बाजूला पडतील. खरं तर हे आधी करावं असं मी कुणालाही सांगितलं असतं. पण अडलंनडलं तर तुला चार-पाच महिने राहायला अमरावतीत घर आहे, म्हणून स्कूटी पुढे घेतली.

तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला हे माप लावायला जाऊ नकोस. पंधरा हजारांच्या पगारात भाडं, डबा आणि घरचे पैसे देऊनच ती पावणेबारा हजारांवर जाते. तिनं पन्नासचा आकडा गाठायचा म्हणजे एक वेळचा डबा बंद करायचा. तिच्यासाठी ऐंशी-दहा-दहा सुद्धा प्रामाणिक वाटणी आहे, आणि पगार वाढेल तेव्हा वाढीतला मोठा भाग तिनं शिल्लकेत टाकावा.

एक बारीक गोष्ट. तुमचा पगार कधी एक तारखेला होतो, कधी सातला. आरडीची तारीख दहा ठेव, नाही तर खात्यात पैसे नसताना हप्ता चुकेल आणि दंड बसेल. हौसेचे ८,४०० त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाक आणि यूपीआय फक्त त्या खात्याला जोड. ते पैसे वीस तारखेलाच संपले तर घाबरण्यासारखं काही नाही, पुढच्या दहा तारखेपर्यंत डब्यावरच भागव. पण आरडी नियमित जातेय आणि मैत्रिणीची उधारीही वाढतेय, असं दिसलं तर मला लगेच फोन कर. मग ही आरडी बंद करून ४,००० ची नवी काढू आणि स्कूटी पाच-सहा महिने लांबवू.

ताईला यातलं विम्याचं तेवढं तूच सांग. मी सांगितलं तर तिला वाटतं मी घाबरवते.

तुझी,
मावशी